तुमचे साडेसात, आमचे चार

परदेशातल्या सहलेखकांबरोबर शोधनिबंध लिहायचे ठरले, की नियमित व्हिडिओ कॉलची वेळ पक्की करणारे पत्र कोणाला तरी लिहावेच लागते. ते कसे लिहावे हे पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये शिकवत नाहीत, त्यामुळे प्रत्येक जण आपापल्या परीने चुकतो. गेल्या सप्टेंबरात मात्र असे एक परिपूर्ण पत्र मला मिळण्याचा योग आला. आता जर्मनीत प्राध्यापक असलेल्या माझ्या एका जुन्या वर्गमित्राने ते मला आणि बॉस्टनच्या एका प्राध्यापिकाबाईंना लिहिले होते. दख्खनच्या बेसॉल्टमधील विहिरींची पाणीपातळी हा आमच्या निबंधाचा विषय आहे. मोजमापे माझी, गणिती प्रतिमान मित्राचे आणि उपग्रहाची आकडेवारी बाईंची, अशी वाटणी आहे. त्या पत्रातून मी जे शिकलो, ते होतकरू संशोधकांसाठी येथे नोंदवून ठेवतो.

पत्राची सुरुवात नेहमी ‘आपल्या सोयीची कोणतीही वेळ चालेल’ या वाक्याने करावी. वाक्य नम्र आहे आणि त्यामुळे सगळे काम समोरच्याच्या अंगावर जाते. समोरचाही नम्र असल्याने तो ‘मलाही कोणतीही चालेल’ असे उत्तर देतो, आणि मग बाईंना अकरा वाजता वर्ग असतो हे सातव्या मेलमध्ये कळते. तारीख-वार घालून तीन ठोस वेळा द्याव्यात आणि ‘यांपैकी कोणती?’ एवढेच विचारावे, असला उद्धटपणा करू नये.

कॉल ‘बायवीकली’ असेल असे लिहावे. तो आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा, हे ज्याचे त्याने प्रारब्धानुसार ठरवावे.

वेळेपुढे नुसते IST लिहून थांबावे. ही तीन अक्षरे भारताची आहेत, आयर्लंडच्या उन्हाळी वेळेची आहेत आणि इस्रायलचीही आहेत, त्यामुळे पत्राला आपोआप आंतरराष्ट्रीय उंची येते.

वार निवडताना पंचांग आणि कॅलेंडर ही दोन्ही मिटून ठेवावीत. मित्राने दर गुरुवार निवडला. पहिला कॉल २ ऑक्टोबर २०२५ रोजी ठरला, म्हणजे दसऱ्याला. चौथा २३ ऑक्टोबरला आला, म्हणजे भाऊबीजेला. ज्या माणसाने पुण्यात माझ्या शेजारी बसून पाच वर्षे डबा खाल्ला, त्याला हे आठवू नये याचे मला वाईट वाटले. पण नंतर लक्षात आले, की त्याने निवडलेल्या गुरुवारांनी कोणालाच सोडले नव्हते. २७ नोव्हेंबरला बाईंचे थँक्सगिव्हिंग होते, २५ डिसेंबरला त्याचा स्वतःचा नाताळ होता आणि १ जानेवारीला सगळ्यांचेच नवे वर्ष होते. पुढच्या तीन महिन्यांच्या तारखा एकाखाली एक लिहून पाहायला दोन मिनिटे लागतात, आणि संशोधकाचा वेळ मौल्यवान असतो.

विषयपत्रिका पाठवू नये.

आता मुख्य सूचनेकडे येतो. वेळ लिहिताना प्रत्येकाच्या घड्याळातली वेळ प्रेमाने वेगवेगळी लिहावी आणि त्यांतले कोणते घड्याळ प्रमाण धरायचे, हे चुकूनही सांगू नये. मित्राने लिहिले होते, ‘दर गुरुवारी तुमचे साडेसात, आमचे चार, बॉस्टनचे दहा.’ वाक्याला काय लय आहे! आणि सप्टेंबरात ते अक्षरशः खरेही होते. जर्मनीचे घड्याळ तेव्हा आपल्या साडेतीन तास मागे असते आणि बॉस्टनचे साडेनऊ तास मागे. अडचण इतकीच, की भारताचे घड्याळ वर्षभर जागेवर राहते आणि त्या दोघांची सरकतात. तीही एकाच दिवशी सरकत नाहीत. युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी काटा तासभर मागे घेतो, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. गेल्या वर्षी ते रविवार २६ ऑक्टोबर आणि २ नोव्हेंबर हे होते. म्हणजे २६ ऑक्टोबरच्या पहाटे त्या लयबद्ध वाक्यातल्या तीन वेळा एकमेकींशी फटकून वागू लागल्या, आणि आम्हां तिघांपैकी कोणालाही ते कळले नाही, कारण प्रत्येकाच्या घड्याळात आपापली वेळ बरोबरच दिसत होती.

३० ऑक्टोबरच्या गुरुवारी मी साडेसातला बसलो, बाई त्यांच्या दहाला आल्या, मित्राचा पत्ता नव्हता. जर्मनीत तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि तो इमानाने चारची वाट पाहत होता. आम्ही अर्धा तास एकमेकांच्या हवामानाची चौकशी केली आणि उठलो. तो आला तेव्हा पुण्यात साडेआठ झाले होते आणि बॉस्टनला अकरा, म्हणजे बाई वर्गात होत्या. रात्री मेल आला, ‘आज कोणीच आले नाही, सर्व ठीक ना?’ मी उत्तर दिले, ‘आम्ही आलो होतो.’ त्यावर त्याने हसरा चेहरा पाठवला. हसरा चेहरा! तीन सुशिक्षित माणसे, त्यांतला एक काळाच्या मालिकांवर प्रतिमाने बांधणारा, आणि घड्याळ का चुकले हे शोधून काढायचे एकालाही सुचले नाही. मलाही नाही, हे मान्य करतो.

पुढच्या गुरुवारी, ६ नोव्हेंबरला, अमेरिकेचाही काटा मागे गेलेला होता, त्यामुळे बॉस्टनचे दहा आणि जर्मनीचे चार पुन्हा एक झाले आणि दोन्हींची पुण्यातली वेळ झाली साडेआठ. मी साडेसातला बसलो. सव्वाआठपर्यंत स्वतःचाच चेहरा पडद्यावर पाहिला आणि मग बिबवेवाडीला एका आजारी नातेवाइकांना भेटायला निघून गेलो. मागाहून ते दोघे ठरल्या वेळी, म्हणजे त्यांच्या मते ठरल्या वेळी, भेटले. माझी वाट पाहिली, मी आलो नाही, म्हणून त्यांनी ‘निदान किरकोळ गोष्टी तरी मार्गी लावल्या’. त्या किरकोळ गोष्टींत लेखकांचा क्रम होता. अकरा वर्षे ज्या विहिरींच्या काठावरून टेप सोडून मी पाण्याची खोली मोजली, त्यांच्यावरच्या निबंधात मी तिसरा झालो. इतिवृत्तात ओळ होती: ‘पुण्याहून प्रतिनिधित्व नव्हते.’

यावर कोणी म्हणेल, की कॅलेंडरचे निमंत्रण पाठवले असते तर हे घडलेच नसते. अगदी खरे आहे, आणि म्हणूनच ते पाठवू नये. पुन्हापुन्हा होणारी नोंद कॅलेंडरमध्ये केली, की ती एका ठिकाणाच्या घड्याळाला बांधली जाते. बहुधा नोंद करणाऱ्याच्या संगणकात जे ठिकाण असेल त्याला. मग ते घड्याळ सरकले, की बाकीच्यांच्या कॅलेंडरात वेळ आपोआप सरकते. मित्राने जर्मनीचे चार अशी नोंद केली असती, तर निमंत्रण येताच ३० ऑक्टोबरच्या कॉलपुढे माझा फोन साडेआठ दाखवता आणि बाईंचा अकरा दाखवता. बाईंनी त्याच क्षणी कळवले असते, की अकराला माझा वर्ग आहे. म्हणजे भांडण दिवाळीआधीच होऊन मिटले असते.

खरे तर प्रश्न कोणाचे घड्याळ खिळून ठेवायचे, एवढाच होता. पुण्याचे साडेसात खिळले, तर हिवाळ्यात जर्मनीला तीन आणि बॉस्टनला नऊ वाजतात. बॉस्टनचे दहा खिळले, तर माझे साडेसात हिवाळ्यात साडेआठ होतात आणि जर्मनीचे चार ऑक्टोबर-नोव्हेंबरातला एक आठवडा आणि मार्चातले तीन आठवडे वगळता चारच राहतात. ज्याची अडचण हलवता येत नाही, त्याचे घड्याळ खिळावे. बाईंचा अकराचा वर्ग हलणार नव्हता, माझे जेवण हलू शकत होते. मग निमंत्रणाच्या पोटात एवढेच असायला हवे होते:

```
DTSTART;TZID=America/New_York:20251106T100000
RRULE:FREQ=WEEKLY;INTERVAL=2;COUNT=6
```

बॉस्टन न्यूयॉर्कच्याच वेळेवर चालते, म्हणून ते नाव. दर दुसरा गुरुवार, एकूण सहा वेळा, आणि मग संपले. संपण्याची सोय हवीच, कारण ती नसलेल्या नोंदी निबंध छापून आल्यावरही वर्षानुवर्षे दर गुरुवारी घंटा वाजवतात. या सहा तारखांतही पाचवी १ जानेवारीला येते, पण ती आधीच दिसते आणि आधीच खोडता येते.

आता उपरोध पुरे. मी हे चिडून लिहितो आहे आणि चिडण्याचे कारण परवा आले. मित्रा, तुझा नवा मेल वाचला. परीक्षकांचे शेरे आले आहेत, दुरुस्तीसाठी मार्चपासून पुन्हा भेटू, असे तू म्हणतोस, आणि वेळ लिहितोस, ‘दर गुरुवारी तुमचे साडेआठ, आमचे चार, बॉस्टनचे दहा.’ अरे, अमेरिका ८ मार्चला काटा पुढे नेणार आहे आणि तुमचा युरोप २९ मार्चला. १२ मार्चच्या गुरुवारी बाई त्यांच्या दहाला येतील तेव्हा तुझ्याकडे तीन आणि माझ्याकडे साडेसात वाजलेले असतील, आणि १९ आणि २६ मार्चलाही तेच होईल. ऑक्टोबरात एकच आठवडा फुकट गेला होता, या वेळी तीन जातील, आणि दुरुस्तीला संपादकांनी दिलेत सहा आठवडे. पाणीपातळीच्या नोंदीत एका तासाची चूक निघाली तर तू मला दोन पानांचे पत्र लिहितोस. स्वतःच्या मेलमधली एका तासाची चूक तुला दोनदा दिसत नाही, कारण ती दुरुस्त करण्याचा त्रास नेहमी दुसऱ्याला होतो.

हे लिहायला चार ओळी लागतात. ‘एका आड एक गुरुवार, ५ मार्चपासून, एकूण चार कॉल, प्रत्येकी पंचेचाळीस मिनिटे. बॉस्टनचे सकाळचे दहा पक्के, इतरांनी निमंत्रणात दिसेल ती वेळ पाळावी. पहिल्या कॉलमध्ये दोनच विषय: दुसऱ्या परीक्षकाचा तिसरा शेरा आणि लेखकांचा क्रम. कोणी एक जण नसेल तर क्रमावर चर्चा होणार नाही.’ निमंत्रण मी आज पाठवले आहे. ते स्वीकार, आणि या वेळी हसरा चेहरा पाठवू नकोस.