नाकातलं ‘वाढलेलं हाड’ आणि हळदीच्या पेढीवरचे दिवाणजी

“नाकाचं हाड वाढलं असेल तर चुकूनही ऑपरेशन करू नका. दोन वर्षांत ते परत वाढतं, सर्दी आहे तशीच राहते, नाक बसून चेहरा बिघडतो आणि महिनाभर घरी बसावं लागतं. त्यापेक्षा रोज नाकात तूप सोडा, हाड आपोआप विरघळतं.”

मी सांगलीत कान-नाक-घशाचा दवाखाना चालवतो. हा मजकूर मोबाइलवर उघडूनच काही पेशंट समोर बसतात. त्यांची भीती खरी असते, म्हणून एकेक मुद्दा घेऊन सांगतो.

मुळात नाकात वाढलेलं असं हाड नसतंच. दोन नाकपुड्यांच्या मध्ये एक पडदा असतो. त्याचा पुढचा भाग कुर्चेचा, म्हणजे कानाच्या पाळीच्या वरच्या भागासारखा लवचिक, आणि मागचा पातळ हाडाचा. हा पडदा वाढीच्या वयात किंवा मार लागून एका बाजूला वाकतो. थोडाफार वाकडा तर तो बहुतेकांचा असतो, आणि त्रास नसेल तर त्याला हात लावायचं काही कारण नाही. ऑपरेशनमध्ये वाकलेला भाग सरळ करतात किंवा तेवढाच काढतात. मोठ्या माणसात काढलेला भाग पुन्हा उगवत नाही. क्वचित कुर्चा थोडी जुन्या वळणाकडे झुकते किंवा वरचा, पुढचा बाक राहून जातो. अशा थोड्या पेशंटना दुसरं ऑपरेशन लागतं, हे मात्र खरं आहे.

मग “माझं परत वाढलं” असं म्हणणारे खोटं बोलतात का? नाही. त्यांचं नाक खरोखरच पुन्हा चोंदलेलं असतं, फक्त कारण दुसरं असतं. नाकाच्या बाहेरच्या भिंतीला बोटाएवढी मांसल गादी असते, तिला टर्बिनेट म्हणतात. अ‍ॅलर्जीनं, धुळीनं ती सुजते. शिवाय दर काही तासांनी एका बाजूची गादी फुगते आणि दुसरीची उतरते, हे निरोगी नाकातही चालू असतं. म्हणून मी पहिला प्रश्न विचारतो: बंद होणारी बाजू बदलते का? कधी डावी, कधी उजवी असेल तर दोष बहुधा सुजेचा. वर्षानुवर्षं एकच बाजू बंद असेल तर संशय पडद्यावर.

मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवरचे दिवाणजी माझ्याकडे आले, वय अडतीस. दोन्ही बाजू बंद, तोंड उघडं ठेवून झोप, आणि खिशात नाक मोकळं करणाऱ्या थेंबांची बाटली. ती वर्षभर रोज चालू होती. हे थेंब पाच-सात दिवसांच्या वर घातले की त्यांचा असर उतरताना नाक उलट जास्त चोंदतं आणि माणूस पुन्हा बाटली काढतो. आधी ती बंद केली. सहा आठवडे स्टेरॉइडचा स्प्रे दिला, रोज मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला सांगितलं. स्प्रे मारायची पद्धतही समोर करून घेतली: उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं, नळीचं तोंड डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. पडद्यावर सरळ मारला तर रक्त येतं आणि औषध वाया जातं.

सहा आठवड्यांनी डावी बाजू सुटली, उजवी तसूभरही नाही. दुर्बिणीतून पाहिलं तर पडदा उजवीकडे वाकून थेट बाहेरच्या गादीला टेकला होता. इथे औषधाचं काम संपलं. मी त्यांना तेव्हाच सांगितलं, “ऑपरेशननं उजवीकडून हवा जाईल. हळदीच्या धुरळ्यानं येणाऱ्या शिंका जाणार नाहीत, त्यासाठी स्प्रे आणि मास्क चालूच राहील.” सर्दी तशीच राहते ही तक्रार बहुतेकदा हे वाक्य आधी न सांगितल्यामुळे येते. घोरण्याचंही तेच. झोपेत श्वास अडकत असेल तर नुसता पडदा सरळ करून तो आजार बरा होईल, असं धरून चालू नये.

फायदा किती, याचा अंदाज २०२३ साली ‘बीएमजे’मध्ये आलेल्या ब्रिटनच्या अभ्यासातून येतो. ३७८ पेशंट होते, निम्म्यांना ऑपरेशन, निम्म्यांना स्प्रे. त्रासाचं मोजमाप ० ते ११० गुणांत. सहा महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांचा सरासरी त्रास सुमारे २० होता, स्प्रेवाल्यांचा सुमारे ४०. म्हणजे फरक मोठा आहे, पण ऑपरेशननंतरही त्रास शून्यावर आलेला नाही.

नाक बसण्याची भीती जुन्या पद्धतीतून आली आहे. पूर्वी पडद्याचा बराच भाग काढत, मग नाकाच्या दांड्याला आधार उरत नसे. आता वरच्या आणि पुढच्या कडेला किमान एक सेंटिमीटर रुंदीची कुर्चेची चौकट राखतात. काप नाकाच्या आतून असतो, बाहेर टाके दिसत नाहीत. धोका शून्य नाही: पडद्याला भोक पडू शकतं, आत रक्त साठू शकतं, वरच्या पुढच्या दातांना काही आठवडे बधिरपणा येऊ शकतो.

तुपाबद्दल थोडक्यात. खपली मऊ करायला ते चालेल, कुर्चा किंवा हाड त्यानं विरघळत नाही. रोज भरपूर ओतलं तर ते श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो.

आता सुट्टीचं बोलू, कारण नोकरदाराला खरी काळजी तीच असते. दिवाणजींचं ऑपरेशन पूर्ण भुलीत झालं, तासभर लागला, दुसऱ्या दिवशी घरी. नाकात कापडाच्या पट्ट्या कोंबल्या नव्हत्या. पडद्याच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉनच्या पातळ पट्ट्या टाक्यानं बसवल्या होत्या. दुखणं साध्या गोळीत भागलं. त्रास झाला तो चोंदण्याचा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी नाक आधीपेक्षाही बंद. ही सूज असते, हे माहीत नसलं की माणूस घाबरतो. झोपताना दोन उशा, दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची.

सहाव्या दिवशी सौदे होते म्हणून ते पेढीवर गेले. नमुना बघायला पोत्यावर वाकले, धुरळा उडाला, शिंक तोंड मिटून दाबली, आणि शर्टावर रक्त. पुढे वाकून बसले, नाकाचा मऊ भाग पंधरा मिनिटं सलग चिमटीत धरला, थांबलं. तपासलं तर आत रक्त साठलेलं नव्हतं. थांबलं नसतं, किंवा ताप, वाढती वेदना आणि दोन्ही बाजू गच्च असं काही असतं, तर त्याच क्षणी दवाखाना गाठायला हवा होता.

बसून काम करणाऱ्याला साधारण एक आठवडा लागतो. धूळ, ओझं, भट्टीचं काम असेल तर दोन ते तीन आठवडे. तालमीत जाणाऱ्याला मी दीड-दोन महिने मातीत उतरू देत नाही. पट्ट्या सातव्या दिवसाच्या आसपास काढल्या की एकदम हवा लागते, मग खपल्यांनी पुन्हा थोडं अडतं, तीन-चार आठवडे नाक धुणं चालू ठेवावं लागतं. ऑपरेशन जमलं की नाही हे तीन महिन्यांनी ठरवावं.

दिवाणजी पंधराव्या दिवसापासून पूर्ण वेळ पेढीवर आहेत, मास्क लावून. तीन महिन्यांनी आले तेव्हा शिंका होत्याच. डावी नाकपुडी बोटानं दाबून, तोंड मिटून ते माझ्यासमोर मिनिटभर उजवीनं श्वास घेत बसले, मग म्हणाले, “डॉक्टर, ही बाजू शाळेत असल्यापासून वापरली नव्हती.”