कामाचा दाखला म्हणजे बँक गॅरंटीची सुटका नव्हे

"काम पूर्ण झाल्याचा दाखला शाखेत दाखवला की बँक परफॉर्मन्स गॅरंटी रद्द करून मार्जिनची एफडी मोकळी करते." खानापूर-निपाणीकडच्या ठेकेदारांत फिरणारा मेसेज.

तसं होत नाही. गॅरंटी बँकेने काम देणाऱ्या सरकारी खात्याला दिलेली असते. काम कसं झालं हे बँक पाहतच नाही. तिला खात्याचंच पत्र लागतं.

समजा, ४० लाखांच्या रस्त्यासाठी २ लाखांची गॅरंटी आहे. कार्यकारी अभियंत्यांकडे अर्ज करून मूळ गॅरंटी परत मागा, सोबत शाखेच्या नावे पत्र घ्या. त्यात गॅरंटी क्रमांक, तारीख, रक्कम आणि 'आमचा कोणताही दावा नाही, बँक दायित्वातून मुक्त' एवढं हवं. पत्र कन्नडमध्ये असलं म्हणून सहसा अडत नाही. अडतं ते क्रमांक चुकल्यावर, किंवा पत्र फक्त ठेकेदाराच्या नावे असल्यावर. शाखा खात्याकडून पत्राची खातरजमा करते, मगच एफडीवरचा बोजा उठतो.

अर्जाआधी करारातला दोषदायित्व कालावधी पाहा. गॅरंटी तोवर ठेवायची अट असेल, तर काम स्वीकारलं गेलं तरी खातं ती सोडणार नाही. गॅरंटीची मुदत संपली तरी दाव्याची मुदत उरलेली असू शकते, म्हणून मूळ गॅरंटी परत आली नसेल तर बँक तोवर थांबवते.