खुलासा: सातही ठिपके मेदूवड्यावर बसतात

‘कागदावर पाच ठिपकेसुद्धा रेघा न छेदता सगळे एकमेकांना जोडता येत नाहीत, मग मेदूवड्यावर सात कसे जमतील?’ (ठाण्यातल्या आमच्या गणित ग्रुपवर फिरणारा मेसेज)

जमतात. कागदाची जीनस, म्हणजे भोकांची संख्या, शून्य, वड्याची एक. चौकटीच्या वहीत रेघांच्या छेदांवर एका ओळीत ० ते ६ पुन्हापुन्हा लिहा. प्रत्येक वरची ओळ अशी सरकवा की ० च्या डोक्यावर २ येईल. मग प्रत्येक चौकटीत खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यात तिरकी रेघ ओढा. ० चे शेजारी बघा: आडवे १ आणि ६, उभे २ आणि ५, तिरके ३ आणि ४. सहाही भेटले! इतर आकड्यांचंही तसंच. सारखे आकडे एकावर एक येतील असा कागद गुंडाळून चिकटवला की वडाच होतो.

आठ मात्र खरंच बसत नाहीत. २८ रेघांनी वड्याच्या पृष्ठभागाचे किमान २८ वजा ८, म्हणजे २० तुकडे पडतील, त्यांना किमान ६० बाजू लागतील. रेघांच्या बाजू ५६च.