शेठ, शेवटचा रेट लावून मोकळं होता येत नाही

मी सांगलीत दोन-तीन दुकानांची अकाउंट्स बघते, त्यातलं एक इलेक्ट्रिकलचं. एप्रिल-मे आला की बाकीचे लोक आंब्याचा भाव विचारतात, आणि आमचे शेठ मला विचारतात, "ताई, क्लोजिंग स्टॉक किती बसवायचा?" बसवायचा! म्हणजे ३१ मार्चला दुकानात किती माल पडलाय तो मोजून त्याची किंमत काढायची असते ही गोष्ट त्यांना मान्य आहे, पण मोजणी आणि किंमत यांच्यामध्ये थोडी जागा असते आणि त्या जागेत शेठजींच्या इच्छेला बसता आलं पाहिजे असं त्यांचं मत आहे. बँकेला स्टेटमेंट द्यायचं असलं की स्टॉक भरपूर पाहिजे, सीसीची, म्हणजे मालावर मिळणाऱ्या कर्जाची लिमिट त्यावर असते. इन्कम टॅक्सचं नाव काढलं की तोच स्टॉक वाळतो, कारण क्लोजिंग वाढला की नफा वाढतो. मी सांगितलं, आकडा एकच निघेल, फिफोनं. "फिफो म्हणजे काय वो?" आधी आलेला माल आधी गेला असं धरायचं, म्हणजे जो उरलाय तो शेवटी आलेला. "मग सोप्पंय की! शेवटचा रेट लावा सगळ्याला आणि मोकळ्या व्हा."

इथंच गाडी अडते. फिफोत उरलेला माल शेवटच्या बिलांचा असतो, शेवटच्या एका बिलाचा नाही. दीड एमएमच्या लाल वायरचंच घ्या. ३१ मार्च २०२५ ला मोजणीत ९० मीटरचे ४६ सीलबंद बंडल. खरेदीची बिलं अशी, ८ जानेवारीला ४० बंडल १,४८० नी, १८ फेब्रुवारीला ३० बंडल १,५६० नी, ११ मार्चला २४ बंडल १,६४० नी. तांबं चढत होतं त्यामुळं रेट चढतच गेले. आता शेवटाकडून मागं यायचं. मार्चचे २४ सगळे उरलेत असं धरा, ३९,३६० झाले. अजून २२ पाहिजेत, ते फेब्रुवारीच्या लॉटमधून, ३४,३२०. एकूण ७३,६८०, जानेवारीला हात लावायची गरजच नाही. शेठच्या पद्धतीनं सगळ्या ४६ ला १,६४० लावले की ७५,४४० होतात, म्हणजे १,७६० रुपये नफा हवेतून आला आणि त्यावर टॅक्स मात्र खिशातून. हे ऐकल्यावर शेठना फिफो एकदम आवडायला लागला. (मग त्यांनी विचारलं, जुना रेट लावला तर अजून कमी होईल का. होईल, पण ते फिफो नाही, आणि स्टॉकच्या किमतीचं अकाउंटिंग स्टँडर्ड आहे एएस-२, त्यात अशा मालाला फिफो किंवा वेटेड ॲव्हरेज एवढंच चालतं. दरवर्षी सोयीनं बदलायचंही नाही.)

हे एका आयटमचं हातानं करायला चहा पिता पिता होतं. पण दुकानात वायरच्या साइज, प्रत्येकीचे रंग, स्विच, एमसीबी, पंखे, होल्डर, आणि बिलं सगळी पीडीएफमध्ये नाहीतर व्हॉट्सॲपवर काढलेल्या फोटोत, त्यातले अर्धे फोटो तिरके आणि एकात शेठचा अंगठा. म्हणून त्यांच्या पुतण्यानं बिलं वाचून एक्सेलमध्ये टाकणारं एक सॉफ्टवेअर आणलं. तारीख, आयटम, क्वांटिटी, रेट, अमाउंट, सगळं आपोआप. पुतण्या म्हणाला, "आता तुमचं काम बटणावर." एकदा बिलं नवी वर जुनी खाली लावली, मोजणीचा आकडा H1 मध्ये टाकला, C मध्ये क्वांटिटी ठेवली, की प्रत्येक बिलातून किती उचलायचे ते हा फॉर्म्युला सांगतो:

```
=MAX(0,MIN(C2,$H$1-SUM(C$1:C1)))
```

वरून खाली ओढायचा. मार्चसमोर २४, फेब्रुवारीसमोर २२, जानेवारीसमोर ० यायला पाहिजे. इथं फेब्रुवारीसमोर ३० आणि मार्चसमोर १६ आले. आणि सगळ्यात वरची ओळ होती फेब्रुवारीची, तिच्याखाली "३ नोव्हेंबर २०२५", त्याखाली "१ ऑगस्ट २०२५". मे महिन्यात बसून मी नोव्हेंबरची खरेदी बघत होते.

झालेलं असं की पुतण्याच्या लॅपटॉपची तारखेची सेटिंग अमेरिकन, आधी महिना मग दिवस. ११/०३ चा झाला ३ नोव्हेंबर, ०८/०१ चा १ ऑगस्ट. आणि १८/०२ ला अठरावा महिनाच सापडेना, म्हणून ती बिचारी तारीख झालीच नाही, नुसता मजकूर म्हणून पडून राहिली, आणि उतरत्या क्रमानं लावलं की एक्सेल मजकुराला तारखेच्या वर बसवतो. त्यामुळं हिशोब आला ७३,०४०. खरा ७३,६८०, फरक फक्त ६४० रुपयांचा, आणि हेच वाईट, कारण पंचवीस हजारांचा फरक असता तर कुणीही ओरडलं असतं, ६४० ला कोण विचारतंय, आणि असे आयटम कितीतरी. ओळखायची खूण सोपी आहे, खरी तारीख सेलमध्ये उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. कॉलम दोन्हीकडे फाटलेला दिसला की समजायचं. मार्च २०२५ च्या पुढची तारीख दिसली तरी समजतं. खरी घातकी म्हणजे जानेवारी ते मार्चमधली १, २, ३ तारखेची बिलं, २ मार्चचं गुपचूप ३ फेब्रुवारी होतं आणि वर्षाच्या आतच राहतं, उजवीकडेच चिकटतं, कशातच पकडलं जात नाही. त्याला एकच उपाय, एकेका पार्टीची बिलं तारखेनं लावायची आणि बिल नंबर चढत जातात का बघायचं. मध्येच नंबर मागं पळाला की तिथं तारीख उलटलीय.

तारखा सरळ केल्या तर रेट वाकडा. मार्चच्या बिलाच्या ओळीत रेट आला २,०५०. बिलावर खरंच २,०५० छापलंय, पण तो लिस्ट रेट, शेजारी बारीक अक्षरात २० टक्के डिस्काउंट, आणि तो कॉलम सॉफ्टवेअरनं कमी महत्त्वाचा समजून सोडून दिलेला. दुकानाला पडला तो १,६४० नीच. जीएसटी वेगळा, तो क्रेडिटमध्ये मिळतो म्हणून रेटमध्ये धरत नाही. २,०५० तसाच राहिला असता तर त्या २४ बंडलांवर ९,८४० रुपये फुगले असते. यावर मी एक कॉलम कायमचा बसवलाय, क्वांटिटी गुणिले रेट बिलाच्या करपात्र रकमेशी जुळतं का:

```
=IF(ABS(C2*D2-E2)>1,"बघा","")
```

हा कॉलम पहिल्यांदा ओढला तेव्हा खालपर्यंत "बघा बघा बघा" असं आलं, भाजी मंडईत आल्यासारखं वाटलं. मग मी छापलेला रेट वापरायचंच सोडलं, करपात्र रक्कम भागिले क्वांटिटी, जो येईल तो रेट.

पण क्वांटिटी तरी खरी पाहिजे ना. स्विचचं बिल होतं १० बॉक्स ९०० नी, आणि खाली स्कीमचा १ बॉक्स फ्री, रेट शून्य. सॉफ्टवेअरनं दोन ओळी केल्या, एकीला ९०० आणि दुसरीला ०. मोजणीच्या कागदावर मात्र १३० नग, कारण दुकानातला पोरगा बॉक्स फोडून मोजतो, त्याला आवडतं. फॉर्म्युलानं १३० मधले ११ इथून घेतले आणि उरलेले ११९ शोधायला निघाला जुन्या बिलांत, डिसेंबर, ऑक्टोबर, ऑगस्ट, सगळं खणत एप्रिलपर्यंत गेला आणि तिथंही पुरे पडले नाहीत. मोजणी जर ओपनिंग स्टॉक आणि वर्षभराची खरेदी यांच्या बेरजेपेक्षा जास्त निघत असेल तर शंभरातल्या नव्वद वेळा युनिटचा घोळ असतो. बॉक्समध्ये २० नग, म्हणजे ११ बॉक्सचे २२० नग, किंमत सगळ्यांची मिळून ९,०००, एक नग ४०.९१ ला पडला. १३० नग त्या एकाच बिलातून निघाले, ५,३१८ रुपये. फ्री बॉक्स शून्याला धरायचा नाही, तो बाकीच्यांचा रेट खाली आणतो. शेठ म्हणाले, "फुकट आलेल्याचीबी किंमत?" मी म्हटलं, फुकटाची नाही, दहाची किंमत अकरांत वाटली.

मग बिल्टीचं, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचं प्रकरण. वायरचं अजून एक बिल निघालं, २९ मार्च, २० बंडल, १,७०० नी. तारखेनं हेच सगळ्यात शेवटचं, फॉर्म्युलानं झडप घातली आणि लाल वायरचा स्टॉक ७६,४८० वर नेला. पण आवक रजिस्टर उघडलं तर गाडी लागली २ एप्रिलला. म्हणजे मोजलेल्या ४६ मध्ये त्यातला एकही बंडल नाही, मग त्याचा रेट ४६ ना कसा लागेल? माल आपल्या नावावर झाला असेल तर ते २० वाटेतला माल म्हणून वेगळे दाखवायचे, नसेल तर ती खरेदीच पुढच्या वर्षात. दोन्हीकडे धरायचं नाही आणि एकीकडून रेट, दुसरीकडून नग असंही नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली सगळी बिलं बिल्टीशी टॅली करायची ती एवढ्यासाठी.

सगळं करून लाल वायर परत ७३,६८० वर आली तर मोजणीच्या कागदावर खाली अजून एक ओळ दिसली, "कापलेला, अंदाजे ३५ मी." ठीक आहे, उरलेल्यातला सगळ्यात जुना लॉट फेब्रुवारीचा, ९० मीटरचे १,५६०, तर ३५ मीटरचे ६०६ रुपये ६७ पैसे. शेठना वाचून दाखवलं.

"तो? तो तर मी घरी नेला की. पाडव्याला गॅलरीत लायटिंग केलं."

पाडवा ३० मार्चला होता. मोजणी ३१ ला. मी पोऱ्याला बोलावलं, तू ३१ तारखेला हा बंडल बघितलास का? तो म्हणाला, "बघितला नाही ताई, पण तो कायम तिथंच असतो म्हणून लिहिला."

स्टॉकमधून ६०६ काढले, खरेदीतून काढून शेठच्या उचल खात्याला टाकले, आणि त्यावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिटही परत करावं लागेल असं सांगितलं. शेठ म्हणाले, "ताई, त्यापेक्षा गॅलरीतली काढून आणून ठेवतो की."