सोळा अधिक दोन

भाच्याच्या मुंजीत मामाला कामं दोनच. बटूला उचलून मांडवात आणायचं आणि मागितले की पैसे काढायचे. आमचा बटू आठव्या वर्षीच पस्तीस किलोचा, त्यामुळे पहिल्या कामात माझी कंबर गेली. अब्रू तेवढी शिल्लक होती, ती संध्याकाळी साडेपाचला कार्यालयाच्या मागच्या अंगणात, उपड्या घातलेल्या पातेल्यांच्या साक्षीने गेली.

सकाळी कार्यालयाचे उरलेले 84,000 रुपये मी यूपीआयने मालकांना पाठवले होते. क्षणात गेले. ती हिरवी खूण मी ताईला दाखवली, भाऊजींना दाखवली, आणि काही कारण नसताना गुरुजींनाही दाखवली. संध्याकाळी आचारी वही घेऊन आला. बाकी 18,000. मी ऐटीत मोबाइल काढला, रक्कम घातली, पिन टाकला. चक्र गरगरलं आणि लाल फुली आली.

"रेंज नसेल," मी म्हणालो.

फुलीखाली स्वच्छ लिहिलं होतं की बँकेने ठरवलेली दिवसाची मर्यादा ओलांडली जातेय. पण लाल रंग दिसल्यावर खालचं वाचायचं असतं हे मला पन्नाशी उलटेपर्यंत कुणी शिकवलं नव्हतं. मी गच्चीवर जाऊन पुन्हा पाठवून पाहिलं. मग दुसरं अ‍ॅप उघडलं, तिथेही फुली. आचारी वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं करत होता. सज्जन माणूस.

मग मला आठवलं, आपलं दुसरं खातं आहे की! जुन्या बँकेतलं. अडीनडीला असावं म्हणून ठेवलेलं. ते निवडलं, पिन टाकला. चूक. घाईत बोट घसरलं असेल म्हणून पुन्हा टाकला. पुन्हा चूक. म्हटलं, खात्यात पैसे तरी आहेत का बघू, म्हणून शिल्लक तपासायला गेलो. तिथेही पिन मागितला, तिथेही तोच टाकला. आता मजकूर बदलला. चुकीच्या प्रयत्नांची संख्या संपल्यामुळे पिन बंद केला होता. मी अ‍ॅप काढून टाकलं आणि नव्याने घेतलं. नव्या अ‍ॅपनेही तेच सांगितलं, फक्त सुरुवातीला स्वागत केलं.

एवढं झाल्यावर बँकेत नोकरी करणारी थोरली भाची आली. खरं तर बायकोने तिला हाताला धरून आणलं. "हे बघ गं, अहोंनी काय करून ठेवलंय."

"मामा, सकाळी किती पाठवले?"

"चौऱ्याऐंशी."

"मग? दिवसाचे एक लाखच जातात. चौऱ्याऐंशी आणि अठरा किती?"

एक लाख दोन हजार. दोन हजारांसाठी मी गच्ची चढून आलो होतो.

तिने समजावलं ते असं. एका माणसाने दुसऱ्याला पाठवायचे पैसे सर्वसाधारणपणे दिवसाला एक लाखापर्यंत. एखादी बँक त्याहूनही कमी ठेवते. आणि ही मोजणी अ‍ॅप करत नाही. "अ‍ॅप म्हणजे नुसती खिडकी. आत पैसे मोजणारा कारकून एकच, तुमच्या बँकेत बसलेला. तुम्ही या खिडकीतून जा नाहीतर त्या, तो सकाळचे चौऱ्याऐंशी विसरत नाही." रकमेसारखीच व्यवहारांच्या संख्येचीही मर्यादा असते, बऱ्याच ठिकाणी वीस. काही बँका मध्यरात्री पाटी कोरी करतात, काही 24 तास मोजतात. ज्याला थांबायला वेळ नाही त्याने बँकेच्या स्वतःच्या अ‍ॅपमधून आयएमपीएस करावं, त्याची मर्यादा वेगळी. पण तिथे आचाऱ्याचं खातं नव्याने जोडायला लागलं असतं, आणि नव्याने जोडलेल्या खात्यावर मोठी रक्कम लगेच जाईल याची खात्री नाही.

"आणि हा पिन कुणाचा टाकत होतात?"

"माझाच."

"तो पहिल्या खात्याचा. पिन खात्याचा असतो मामा, माणसाचा नाही. आणि अ‍ॅपचाही नाही."

ती म्हणाली त्यात तथ्य होतं, कारण पहिल्या खात्याच्या पिनला चार रकाने येतात आणि या खात्याला सहा आले होते. मी चार आकडे टाकून उरलेल्या दोन जागी शून्य शून्य टाकलं होतं, शाळेत उत्तरपत्रिकेत जागा रिकामी सोडू नये म्हणतात तसं. शिवाय शिल्लक पाहतानाचा चुकीचा पिनही प्रयत्नांतच धरला गेला, अशी नवी माहिती मिळाली. तीन चुका झाल्या की बहुतेक बँका दार लावतात. कुठे ते 24 तासांनी आपसूक उघडतं, कुठे नवा पिन केला की लगेच. अ‍ॅप काढून घातल्याने काहीच होत नाही, कारण चुका मोजणाराही तोच आतला कारकून.

म्हणून नवा पिन करायला घेतला. अ‍ॅपमध्ये त्या खात्यावर जाऊन 'पिन विसरलात' दाबायचं, डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीचा महिना-वर्ष भरायचं, मोबाइलवर ओटीपी येतो, मग नवा पिन. कार्ड पाकिटात होतं. बाहेर काढलं तर त्याची मुदत दीड वर्षापूर्वी संपलेली. बायकोने फक्त एक उसासा टाकला, पण मांडवाच्या झालरी हलल्या.

आधारची वाट उरली होती. आधार क्रमांकाचे पहिले सहा आकडे भरायचे, मग ओटीपी. मात्र आधारला आणि बँकेला एकच मोबाइल नंबर जोडलेला हवा. माझा होता. हे दिवसातलं माझं पहिलं कर्तृत्व. नवा पिन झाला, सहा आकडी. मी विजयी मुद्रेने 18,000 टाकले.

लाल फुली.

या खेपेला मी खालचं वाचलं. पुन्हा मर्यादाच, पण वेगळी. पिन नव्याने केला की काही बँका पहिले 24 तास फक्त 5,000 जाऊ देतात. फोन किंवा सिम बदललं तरी तसंच. चोराने तुमचं सिम मिळवून नवा पिन केला तर त्याच्या हाती एका दिवसात फार लागू नये, हा हेतू. यावर उपाय एकच, थांबणं. भाची म्हणाली, "बँक तुम्हाला चोर समजत नाही मामा, फक्त खात्री करून घेतेय." आचाऱ्याने पहिल्यांदाच वहीतून मान वर केली.

मी खुर्चीत बसलो. उद्या देतो म्हणायची वेळ आली होती. तेवढ्यात आचारीच म्हणाला, "काका, पहिल्या खात्यात अजून सोळा जातील ना?"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. लाखातून चौऱ्याऐंशी गेले, सोळा उरले. दुसऱ्यातून पाच जातात, त्यातले दोन. सोळा अधिक दोन अठरा. रोज चारशे पानांच्या पुऱ्यांचा अंदाज बांधणारा माणूस तो. पहिल्या खात्याचा पिन शाबूत होताच. सोळा गेले. दुसऱ्यातून दोन गेले. दोन हिरव्या खुणा. या वेळी गुरुजी निघून गेले होते म्हणून वाचले.

आनंदाने मी सगळ्यांना कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा पाजायला नेलं. सहा चहा, साठ रुपये. सवयीने पहिलंच खातं निवडून पिन टाकला. फुली. लाख पुरे झाले होते, साठ रुपयेही जास्तच होते.

मी दुसऱ्या खात्याचा नवा पिन आठवत उभा राहिलो. सहा आकडी होता एवढं पक्कं आठवत होतं. तेवढ्यात आचाऱ्याने आपला फोन टपरीच्या क्यूआरसमोर धरला, आकडा टाकला आणि खिशात ठेवला. पिन नाही, काही नाही.

"पिन?" मी विचारलं.

"यूपीआय लाइट आहे काका. फोनमध्ये थोडे पैसे वेगळे काढून ठेवायचे, पाच हजारापर्यंत. हजारापर्यंतचं देणं पिनशिवाय जातं." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "फक्त त्यात पैसे भरताना पिन लागतो."