त्रेचाळीस शब्दांची आई

मनू तीन वर्षांची झाली आणि १६ जूनला तिची शाळा सुरू झाली, यात खरं तर माझ्यावर आपत्ती येण्यासारखं काही नव्हतं. आपत्ती आली ती माझ्या नणंदेच्या रूपाने. ती रील्स करते. आदल्या रात्री तिचा फोन. "वहिनी, तू कॉलेजात नाटकात होतीस ना? पहिल्या दिवसावर आईचं मनोगत कर. इमोशनल. तुझा आवाज, वर मनूचे फोटो, तीस सेकंद. बस्स!"

'बस्स' म्हणणाऱ्या माणसावर कधीही विश्वास ठेवू नये.

मी रात्री साडेबारापर्यंत बसून मनोगत लिहिलं. सुरुवात अर्थातच 'नऊ महिने उदरात वाढवलेलं हे इवलंसं फूल' अशी होती. मध्ये विद्यामंदिर होतं, त्याच्या पायऱ्या होत्या, त्या चढताना अडखळणारी पावलं होती. (शाळेला पायऱ्याच नाहीत, उतार आहे. पण उतारावर कुणाला गहिवरून येतं?) सकाळी गॅसपाशी ते मोठ्याने वाचून पाहिलं, तर देवघरातून सासूबाईंचा घाबरा आवाज आला, "कोण गेलं गं?"

नणंदेने फोनवर ऐकून घेतलं. तिने घड्याळ लावलं होतं. चारशे बारा शब्द, सव्वातीन मिनिटं.

"वहिनी, भावना येईल असं बोलायचं तर सेकंदाला दोन शब्द. म्हणजे तीस सेकंदांत साठ. त्यातून थांबायला जागा ठेवायची, म्हणजे पंचेचाळीसच धर. आणि नऊ महिन्यांपासून सुरुवात केलीस तर शाळेपर्यंत पोचेतोवर लोक पुढच्या व्हिडिओवर गेलेले असतात. पहिल्या तीन सेकंदांत शाळा आली पाहिजे. शिवाय 'उदरात' हा शब्द तू शेवटचा कधी बोललीस?"

खरंच, कधीच नाही. दवाखान्यातसुद्धा मी 'पोटात' असंच म्हणाले होते.

शाळेत जाताना पर्समध्ये दोन रुमाल घेतले होते, एक मनूचा, एक माझा. फाटकाशी रडारडीचा गदारोळ चालला होता. एक मुलगा बापाच्या मानेला लटकलेला, एकीने चपला भिरकावल्या होत्या. मी खाली बसले, मनूला जवळ घेणार, तेवढ्यात तिने माझ्या मुठीतून आपलं बोट सोडवून घेतलं आणि मावशींबरोबर आत निघून गेली. वळूनही पाहिलं नाही. मी तिचा रेनकोट हातात घेऊन तशीच. शेजारच्या बाई माझ्याकडे, मुलीला घरी काही त्रास आहे की काय, अशा नजरेने बघत होत्या.

आता माझ्या मनोगताचं काय? ते सगळं रडण्यावर उभं होतं! दोन्ही रुमाल कोरडे घेऊन घरी आले, चहा केला, घोट घेतला आणि जीभ भाजली. तीन वर्षांत माझ्या वाट्याला गरम चहा आला नव्हता. शी, शू, सांडलं, पडलं यातून मोकळी होईपर्यंत चहाला साय धरायची. मी ती भाजलेली जीभ घेऊन ओट्याशी उभी राहिले आणि का कोण जाणे, घड्याळाकडे पाहिलं.

नणंदेला फोन करून हे नुसतं सांगितलं. ती एकदम म्हणाली, "हेच! आता बोललीस तसंच लिही. एक विशेषण घालायचं नाही."

विशेषणं काढणं म्हणजे काय यातना असतात ते मला त्या दिवशी कळलं. 'इवलंसं' तीनदा काढलं, चौथ्यांदा ते आपणहून परत आलं. 'माझं मन दाटून आलं' हेही गेलं, कारण नणंदेचा नियम असा की दाटून आलं हे ऐकणाऱ्याने ठरवायचं, आपण फक्त रेनकोट दाखवायचा. शेवटी उरलं ते एवढंच:

"सकाळी मनूला शाळेत सोडलं. वाटलं होतं, रडेल. रडली नाही. बोट सोडवून घेतलं आणि गेली. मी फाटकाशी उभी. हातात तिचा रेनकोट. घरी आले. चहा केला. एक घोट घेतला. जीभ भाजली. तीन वर्षांत चहा गरम पिण्याची सवयच राहिली नव्हती. घड्याळ पाहिलं. सव्वानऊ. शाळा सुटते साडेअकराला."

मोजून त्रेचाळीस शब्द. चारशे बारातून उरलेले. चक्रवाढीने उलटं गेलेलं माझं साहित्य!

मग रेकॉर्डिंग. दुपारी मनू झोपल्यावर हॉलमध्ये सुरुवात केली, तर आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमायला लागला. कोऱ्या भिंती आवाज परत फेकतात, कपडे तो पिऊन टाकतात, म्हणून नणंदेने मला कपाट उघडून साड्यांमध्ये डोकं घालायला सांगितलं. फोन तोंडासमोर धरला की 'फाटक' आणि 'भाजली' म्हणताना फुंकर बसून फट्ट असा आवाज येई. तो गालाच्या बाजूला, वीतभर लांब धरल्यावर थांबला. दुसऱ्या वेळी कुकरची शिट्टी आली. तिसऱ्या वेळी भंगारवाला. चौथ्या वेळी 'रेनकोट'पाशी मला खरोखरच हुंदका फुटला आणि मला वाटलं, जिंकलो.

नणंदेने ते तात्काळ बाद केलं. "नुसतं नाक ऐकू येतंय. तू रडलीस की ऐकणाऱ्याचं काम संपलं. आवाज भरून येतोय आणि बाई तो आवरतेय, एवढंच पोचलं पाहिजे."

आवरायचं कसं, ते माझं मला जमेना. नवव्या वेळेपर्यंत मी इतका वेळ पैठणीत तोंड खुपसून होते की कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांनी नाक पार चोंदलं, डोळे चुरचुरायला लागले. शिंक येत होती, ती दाबत दाबत मी सगळे शब्द म्हणाले. 'जीभ भाजली' नंतर तर शिंक इतकी जवळ आली की दोन सेकंद थांबावंच लागलं. तेवढ्यात सासूबाईंनी खोलीत येऊन, कपाटात कंबरेपर्यंत गेलेल्या सुनेला पाहून, दार हळूच लोटून घेतलं.

नणंद म्हणाली, "वहिनी, ही दोन सेकंदांची जागा! अंगावर काटा आला." बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात म्हणून तिने शब्द खाली टाइप केले आणि संध्याकाळी ते टाकलं. रात्रीपर्यंत माहेरच्या सगळ्या आत्या-मावश्या डोळे पुसत होत्या. त्या दोन सेकंदांचं सगळ्यांनाच कौतुक. डांबरगोळ्यांचं मी कुणाला बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकही रुमाल घेतला नाही. रेनकोट आठवणीने दप्तरात घातला. फाटक दिसलं आणि मनू जागच्या जागी थांबली.

"काल गेले होते ना मी शाळेत?"

"हो. आज पण जायचं."

"पण काल झाली ना शाळा!"

ती हे काम एकदाचं उरकून आली होती. आता 'रोज' हा शब्द मी तिला समजावू लागले, तशी तिने माझ्या ओढणीला मिठी मारली आणि आदल्या दिवशीच्या सगळ्या मुलांचा मिळून होणार नाही एवढा टाहो फोडला. मावशी एकेक बोट सोडवत होत्या, सोडवलेलं बोट पुन्हा ओढणी पकडत होतं. मलाही रडू फुटलं, आणि ते आवरायला जवळ एकही डांबरगोळी नव्हती.

तेवढ्यात कालच्या त्या शेजारच्या बाई माझ्याकडे निरखून बघत पुढे आल्या.

"अय्या, तो व्हिडिओ तुमचाच ना? त्यातली मुलगी मोठी की ही?"