क्षार काढल्यानंतरही एस्प्रेसो यंत्राचा दाब का चढत नाही

वाचकाची प्रतिक्रिया: “आपल्या लेखात ‘सर्वांत आधी डिस्केलिंग करा’ असे ठामपणे लिहिले आहे. मी ते दोनदा केले. त्यानंतर काटा ४ बारच्या वर जात नाही, पाणी पूर्वीपेक्षा हळू येते आणि वाफही मंदावली आहे. पंप गेला आहे हे उघड असताना वाचकांना आम्लाच्या पाण्यात कशाला गुंतवायचे?”

आपला निम्मा आक्षेप मला मान्य आहे. आधी मोजून न पाहता डिस्केलिंग करायला सांगणे ही माझ्या लेखातील चूक होती आणि ती मी दुरुस्त करीत आहे. पंपाविषयीचा आपला निष्कर्ष मात्र या लक्षणांवरून सिद्ध होत नाही.

दाब आणि प्रवाह यांचा एकत्र विचार केला, तर बिघाड कोठे आहे याचा बराचसा अंदाज बाहेरूनच येतो. कॉफी जाडसर दळलेली असेल, तर दाब कमी राहतो, पण पाणी भराभर उतरते. घरगुती यंत्रांत प्रेशर गेज बहुधा पंपानंतर आणि बॉयलरच्या आधी जोडलेला असतो; त्यामुळे त्याच्या पुढे, म्हणजे कॉफीकडे पाणी सोडणाऱ्या सोलेनॉइड व्हॉल्व्हमध्ये किंवा कॉफीवर पाणी पसरवणाऱ्या जाळीत, शॉवर स्क्रीनमध्ये, क्षार अडकले असतील, तर धार बारीक होते आणि काटा उलट वर चढतो. आपल्याकडे दोन्ही कमी आहेत. याचा अर्थ पाणी पंपापर्यंत पुरेसे पोहोचत नाही, किंवा पंप खरोखरच अशक्त झाला आहे, किंवा पंपाने ढकललेले पाणी वाटेतून परत फिरते आहे. ही तिसरी शक्यता मी लेखात लिहिलीच नव्हती आणि आपल्या बाबतीत मला तीच सर्वाधिक संभवनीय वाटते.

पहिली शक्यता पाच मिनिटांत तपासता येते. टाकीतील पाणी मऊ करणारा फिल्टर असेल तर तो काढून ठेवा, नळी कोठे दुमडलेली नाही हे पाहा आणि गरम पाण्याचा नळ उघडून पंप थोडा वेळ चालवा, म्हणजे अडकलेली हवा निघून जाईल. पाण्याविना चालणाऱ्या पंपाचा आवाज मोठा आणि खडखडाटी असतो. पाणी मिळताच तो दबका होतो.

त्यानंतर पोर्टाफिल्टरमध्ये छिद्रे नसलेली बास्केट बसवा, पंप १० सेकंद चालवा आणि त्या वेळी टाकीत सोडलेल्या परतीच्या नळीकडे लक्ष ठेवा. ही नळी ओपीव्ही, म्हणजे जादा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून येते. (काही यंत्रांत ती खालच्या ट्रेमध्ये उघडते.) हा व्हॉल्व्ह ठरावीक दाबाला, अनेक यंत्रांत ९ ते १२ बारच्या दरम्यान, उघडावा अशी अपेक्षा असते. काटा ४ वर अडलेला असताना नळीतून धार पडत असेल, तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि पंप निर्दोष असण्याची शक्यता मोठी आहे.

माझ्या स्वतःच्या यंत्रात नेमके हेच झाले होते. पोर्टाफिल्टर न लावता ३० सेकंदांत जेमतेम ११० मिली पाणी आले आणि बंद बास्केटवर काटा साडेचारला थांबला. प्लग काढून, यंत्र पूर्ण थंड झाल्यावर मी व्हॉल्व्ह उघडला, तेव्हा आतल्या रबरी बैठकीवर तांदळाच्या कणीएवढा पांढरा क्षाराचा तुकडा रुतलेला आढळला. डिस्केलिंगचे द्रावण क्षाराचा थर नेहमीच पूर्ण विरघळवत नाही. कधी तो पापुद्र्यांसारखा सुटतो आणि पाण्याबरोबर पुढच्या अरुंद जागेत जाऊन बसतो. तुकडा काढून, बैठक पुसून व्हॉल्व्ह परत लावल्यावर त्याच ३० सेकंदांत २३० मिली पाणी आले आणि काटा १० पर्यंत चढला. व्हॉल्व्ह उघडण्यापूर्वी त्याच्या स्क्रूचे किती आटे बाहेर आहेत ते मोजून ठेवा, नाहीतर दाबाची मूळ मर्यादा बदलते.

वाफेचा प्रश्न स्वतंत्रपणे पाहायला हवा. बॉयलर असलेल्या यंत्रात वाफेचा जोर तापलेल्या पाण्यातून येतो. त्या क्षणी पंप चालूही नसतो. त्यामुळे नवा पंप बसवून वाफ सुधारणार नाही. वाफेच्या नळीचे टोक थंड असताना फिरवून काढा, त्याची बारीक छिद्रे सुईने मोकळी करा आणि टोकाविना वाफ सोडून पाहा. तेव्हा जोर आला, तर सुटलेला क्षार तेथेही अडकलेला होता. तरीही वाफ मंदच राहिली, तर थर्मोस्टॅट किंवा तापवणारी कॉइल तपासावी लागेल. बॉयलरऐवजी तापलेल्या धातूच्या ठोकळ्यातून पाणी नेणाऱ्या थर्मोब्लॉक यंत्रांत मात्र वाफेसाठी पंपच थोडे थोडे पाणी सोडतो, म्हणून तेथे आपली शंका रास्त ठरते.

परतीची नळी कोरडी राहिली, पंपापर्यंतचा मार्ग मोकळा निघाला आणि तरीही बंद बास्केटवर काटा ४ वरच थांबला, तर पंप जरूर बदला. पंपावर छापलेले १५ बार हा प्रवाह पूर्ण थांबलेला असतानाचा आकडा असतो, तेव्हा नव्या पंपाची तुलना त्या आकड्याशी न करता आपल्या ओपीव्हीच्या मर्यादेशी करा.